सोय करू आणि सोय व्हावी

इंग्रजी भाषणाच्या साधारण मध्यावर तीन वाक्यं होती. तिन्हींची सुरुवात ‘वुई विल’ने. एक कारखाना दुसऱ्या जागी हलवला जाणार होता, आणि कंपनीच्या अध्यक्षांचं भाषण कामगारांना मराठीतून वाचून दाखवायचं होतं. वाचणार होते कारखान्याचे संचालक. अनुवाद माझ्याकडे आला होता.

पहिल्या वाक्यात प्रत्येक कायम कामगाराचा करार आहे त्या अटींवर पाळण्याचं वचन होतं. दुसऱ्यात प्रशिक्षणाच्या प्रत्येक दिवसाचा पगार. तिसरं वाक्य नव्या जागेपासून 25 किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या येण्याजाण्याबद्दल होतं. रात्री उशिरा मी ती तिन्ही वाक्यं मराठीत उतरवली आणि मोठ्यानं म्हणून पाहिली. “प्रत्येक कायम कामगाराचा करार पाळू. प्रशिक्षणाच्या प्रत्येक दिवसाचा पगार देऊ. पंचवीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येकाच्या येण्याजाण्याची सोय करू.” पाळू, देऊ, करू. इंग्रजीत ठेका वाक्याच्या तोंडाशी होता, मराठीत तो आपसूक शेवटाला आला होता. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे घोषणेला जोर चढतो तो वाक्य संपता संपता. वाक्यं कानाला गोड लागत होती. मी समाधानानं झोपले.

सकाळी यादी काढून ताळा करायला बसले तेव्हा चूक दिसली. तिसऱ्या इंग्रजी वाक्यात नुसतं ‘विल’ नव्हतं. ‘वुई विल सीक टू प्रोव्हाइड’ होतं. सोय ‘करू’ असं अध्यक्ष म्हणतच नव्हते. सोय करण्याचा प्रयत्न करू, इतकंच म्हणत होते. ठेक्याच्या नादात मी एका कंपनीच्या वतीनं शेकडो माणसांना वाहनसोय देऊन टाकली होती.

या यादीविषयी आधी सांगते, कारण माझं सगळं काम तिच्यावर उभं असतं. औपचारिक भाषण हातात आलं की अनुवादाला सुरुवात करण्याआधी मी त्यातलं प्रत्येक वचन वेगळ्या कागदावर उतरवते. कोण देणार, काय देणार, किती, कधी, कोणत्या अटीवर, आणि किती ठामपणे. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ‘करणार’, ‘करण्याचा प्रयत्न’, ‘करता येईल का ते पाहणार’, ‘करण्याची शक्यता आहे’, या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ऐकणाऱ्याचं आयुष्य त्यांतल्या फरकावर हलू शकतं. या भाषणात अशी अकरा वचनं निघाली. बाकीचं सगळं म्हणजे स्वागत, आठवणी, आभार, उमेद. तिथे मला मोकळीक होती. उपमा बदलायची, वाक्य तोडायचं, दोन विशेषणांतलं एक काढून टाकायचं, काहीही. या अकरा जागी मात्र अनुवादाचं स्वातंत्र्य फक्त सुरापुरतं. आशयाला हात लावायचा नाही.

ऐकायला हे सोपं वाटतं, पण सूर आणि आशय भाषेत वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले नसतात. वाक्प्रचारांचंच घ्या. मूळ भाषणात एक वाक्य होतं, की या काळात कंपनी कामगारांच्या कुटुंबांना आधार देईल. माझ्या मनात लगेच आलं, “मदतीच्या बाबतीत आम्ही हात आखडता घेणार नाही.” किती मराठी वाक्य! पण हात आखडता न घेणं म्हणजे जितकं लागेल तितकं देणं. मूळ वाक्यात मर्यादा सांगितलेली नव्हती हे खरं, पण ती उठवलेलीही नव्हती. “तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही” हेही असंच सुचलं, आणि त्यालाही मुदत नाही. उद्या कुणी चार वर्षांनी येऊन म्हणेल, की तुम्ही शब्द दिला होता, आणि ते बरोबरच असेल. आपले बरेचसे जिव्हाळ्याचे वाक्प्रचार आतून वचनच असतात: शब्द देणं, पाठीशी उभं राहणं, कमी पडू न देणं. स्वागताच्या भागात मी ते मनापासून वापरते. वचनाच्या वाक्यात वापरण्याआधी प्रत्येकाला विचारते, की तू यादीत नसलेलं काही देतो आहेस का? शेवटी तिथे “या काळात तुमच्या कुटुंबांनाही आम्ही आधार देणार” असं साधं वाक्य ठेवलं. त्यातला ‘ही’ माझा. वाक्य कोरडं पडू नये म्हणून, आणि त्यानं द्यायच्या गोष्टीत काही वाढत नाही हे तपासून.

कधी मात्र वाक्प्रचार नेमका बसतो. पाळ्यांच्या वेळा कामगार प्रतिनिधींशी सल्लामसलत करून ठरवू, असं मूळ वाक्य होतं. ‘सल्लामसलत’ कानाला कागदी वाटतं. मी लिहिलं, “पाळ्यांच्या वेळा तुमच्या प्रतिनिधींना विश्वासात घेऊन ठरवणार.” विश्वासात घेणं म्हणजे आधी सांगणं, मत ऐकणं, अंधारात न ठेवणं. संमती घेणं त्यात येत नाही, आणि मूळ वाक्यातही ती नव्हती. “तुमच्या प्रतिनिधींच्या मतानं” असं लिहिलं असतं, तर एका शब्दात नकाराधिकार देऊन मोकळी झाले असते.

मग ‘आम्ही’ आणि ‘आपण’. इंग्रजीत एकच ‘वुई’ अख्ख्या भाषणभर फिरत असतो, आणि त्यात कोण कोण बसलं आहे ते बोलणाऱ्याला सांगावं लागत नाही. मराठीत ते दर वेळी ठरवावं लागतं. “आपण एक नवी सुरुवात करत आहोत” हे ठीक आहे, त्यात सगळे आहेत. पण “आपण प्रशिक्षणाचा पगार देणार आहोत” म्हटलं, की ज्याला पगार मिळायचा त्यालाच देणाऱ्यांच्या रांगेत उभं केलं जातं. उलट चूक जास्त बोचणारी. मूळ भाषणात एका ठिकाणी होतं, की पहिले काही महिने कठीण जातील आणि ‘वुई’ला धीर धरावा लागेल. तिथे ‘आम्हाला’ बसत नाही, आणि ‘तुम्हाला’ लिहिलं तर तो उपदेश होतो. ‘आपल्याला’ लिहिलं, तर अध्यक्षही धीर धरणाऱ्यांत आले. मूळ मजकुरात ते आहेतच. म्हणून मी मसुद्यातल्या प्रत्येक ‘वुई’पुढे पेन्सिलीनं आ किंवा प लिहिते. या भाषणात असे एकतीस ‘वुई’ होते आणि चार जागी मला ठरवता येईना. ते चार प्रश्न मी कंपनीच्या कचेरीला लिहून विचारले. हा निर्णय अनुवादकानं स्वतःच्या अंदाजानं घ्यावा असं मला वाटत नाही. जबाबदारी कुणाची, हे तिथे ठरत असतं.

जबाबदारी नाहीशी करायची आणखी एक सवय आपल्या कागदोपत्री मराठीला आहे, ती म्हणजे ‘करण्यात येईल’. “प्रशिक्षण देण्यात येईल” या वाक्यात देणारा कुठे आहे? इंग्रजी भाषणात अध्यक्ष स्वतःच्या तोंडानं ‘आम्ही’ म्हणत असताना मराठीत तो कर्ता पुसून टाकणं म्हणजे वचन पातळ करणं. भाषण भारदस्त व्हावं म्हणून हे बहुतेक वेळा नकळत होतं. मी शेवटच्या वाचनात ‘येईल’ आणि ‘जाईल’ एवढेच दोन शब्द शोधत सगळी पानं चाळते.

मुदतीच्या बाबतीत आपलं ‘पर्यंत’ फार जपून वापरावं लागतं. अमुक तारखेच्या आत एखादी गोष्ट होणं आणि अमुक तारखेपर्यंत ती चालू राहणं, दोन्हींना आपण ‘पर्यंत’च म्हणतो. जुना कारखाना 30 जूनपर्यंत चालू राहणार होता. नव्या जागेचं प्रशिक्षण केंद्र 30 जूनपर्यंत चालू होणार होतं. कागदावर ‘राहणार’ आणि ‘होणार’ हा फरक ठळक दिसतो. पण हे शब्द वाक्याच्या शेवटी येतात. मैदानात बसलेल्या माणसाच्या कानावर “प्रशिक्षण केंद्र तीस जूनपर्यंत चालू” एवढं पडतं आणि पुढचं क्रियापद खोकल्यात, कुजबुजीत किंवा ध्वनिक्षेपकाच्या घरघरीत जातं. वाचणारा मागे फिरून पुन्हा वाचू शकतो, ऐकणारा नाही. म्हणून मी दोन्ही वाक्यांची शरीरंच वेगळी केली. “जुना कारखाना तीस जूनपर्यंत बंद होणार नाही.” “नवीन प्रशिक्षण केंद्र तीस जून उलटायच्या आत सुरू करणार.” ‘आत’ म्हटलं की मुदत कळते, शेवट ऐकू आला नाही तरी.

आकडेही भाषणाच्या प्रतीत मी अक्षरांत लिहिते, म्हणजे वाचणाऱ्याची जीभ अडखळत नाही. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ एका दमात कुणाच्याही तोंडून घसरू शकतात. 250 ला ‘अडीचशे’ म्हणायला हरकत नाही, ते तंतोतंत तेवढंच आहे. 247 ला अडीचशे म्हणायचं नाही, कितीही सुटसुटीत वाटलं तरी. आणि 31 डिसेंबरला ‘वर्षअखेर’ म्हणायचं नाही, कारण हिशेब ठेवणाऱ्याचं वर्ष वेगळ्या महिन्यात संपत असतं.

पहिला मसुदा मोठ्यानं वाचला तेव्हा सोळा मिनिटं लागली. मूळ भाषण बारा मिनिटांचं होतं. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, त्यामुळे मोजायला शब्द कमी भरतात, पण एकेक शब्द लांबलचक होतो आणि वाचायला वेळ घेतो. ‘स्थलांतरणाच्या प्रक्रियेदरम्यान’ हे दोनच शब्द, पण त्यांत श्वास संपतो. ‘कारखाना हलवताना’ म्हटलं की काम भागतं. अशी काटछाट करत तेरा मिनिटांवर आले. यातलं एकही अक्षर अकरा वचनांच्या वाक्यांतून कमी केलेलं नव्हतं. उलट त्यांतली दोन वाढली होती.

वाढण्याचं कारण माझी शेवटची तपासणी. अनुवाद तपासायला तो पुन्हा मूळ भाषेत फिरवून पाहण्याची पद्धत आहे, पण ती वाचायच्या मजकुरासाठी. ऐकायच्या मजकुरासाठी मी ज्यानं मूळ पाहिलेलं नाही अशा माणसाला समोर बसवते, हातात कागद देत नाही, भाषण एकदाच वाचते आणि मग विचारते, “तुम्हाला काय काय मिळणार आहे असं ऐकलंत?” त्याचं उत्तर यादीशेजारी लिहून काढते. या वेळी कंपनीच्या परवानगीनं त्यांच्याच कचेरीतले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी अकरापैकी आठ वचनं बरोबर सांगितली आणि दोन विसरले. एकाबद्दल ठामपणे म्हणाले, “चाळीस कंत्राटी कामगारांना कायम करणार आहेत.”

मूळ वाक्य होतं, की कायम पदांसाठी चाळीसपर्यंत कंत्राटी कामगारांचा विचार होऊ शकेल. माझं मराठी वाक्य असं होतं: “जास्तीत जास्त चाळीस कंत्राटी कामगारांचा कायम पदांसाठी विचार होऊ शकेल.” एकही शब्द चुकीचा नव्हता. तरी त्यांनी चाळीस जणांना कायम झालेलं ऐकलं. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. सुरुवातीलाच आकडा येतो, मग कंत्राटी कामगार, मग कायम पदं. इथपर्यंत ऐकणाऱ्याच्या मनात चित्र पूर्ण झालेलं असतं. ‘विचार’ आणि ‘होऊ शकेल’ हे दोन्ही लगाम त्यानंतर येतात, आणि धावत सुटलेल्या आशेला उशिरा आलेला लगाम थांबवत नाही. इंग्रजीत ‘मे’ आणि ‘विल’ कर्त्याला लागून, वाक्याच्या पुढच्याच भागात येतात. आपली शक्यता, आपला नकार, आपली अट, सगळं शेपटाशी. टाळ्या नेमक्या त्याच्या आधी पडतात.

मी वाक्य फोडलं. “कंत्राटी कामगारांपैकी काहींचा कायम पदांसाठी विचार होऊ शकेल. हा विचार जास्तीत जास्त चाळीस जणांचा.” आता आधी ‘विचार’ ऐकू येतो आणि आकडा मागून. ते गृहस्थ पुन्हा बसले. या वेळी म्हणाले, “विचार होईल म्हणतात, पण चाळीसच्या वर नाही.” मला हवं होतं ते हेच.

वाचून दाखवलेल्या अनुवादातलं वचन कुठवर जातं, याचा विचार करताना मला न्यूझीलंडचं 1840 सालचं उदाहरण नेहमी आठवतं. ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यातला वाइतांगीचा करार. हेन्री विल्यम्स या मिशनऱ्यानं आणि त्याचा मुलगा एडवर्डनं तो 4 फेब्रुवारीच्या एका रात्रीत माओरीत उतरवला. दुसऱ्या दिवशी जमलेल्या प्रमुखांना तो मोठ्यानं वाचून दाखवला गेला आणि 6 तारखेला सह्या सुरू झाल्या. इंग्रजीत प्रमुख आपलं सार्वभौमत्व देत होते. माओरीत त्या जागी ‘कावानातांगा’ हा शब्द होता, म्हणजे गव्हर्नरचा कारभार. आणि आपल्या जमिनीवर, गावांवर, ठेव्यावर त्यांचं पूर्ण प्रमुखपद राहील, असं त्याच माओरी मजकुराच्या दुसऱ्या कलमात म्हटलेलं होतं. पुढे पाचशेहून जास्त जणांनी सह्या केल्या, त्यांपैकी इंग्रजी प्रतीवर फक्त 39 जणांच्या. बाकीच्यांनी जे ऐकलं, त्यावर सही केली. या दोन मजकुरांमधलं अंतर आजही तिथे वादाचा विषय आहे. एका रात्रीत पूर्ण केलेल्या त्या कामाकडे मी धंद्यातलं माणूस म्हणून पाहते, आणि माझ्या पेन्सिलीच्या आ-प च्या खुणांना मग जरा जास्त वेळ देते.

वाहनसोयीचं वाक्य अजून सुटलेलं नव्हतं. ‘सोय करण्याचा प्रयत्न करू’ हे सरळ भाषांतर. पण रोजच्या मराठीत “प्रयत्न करतो” याचा अर्थ आपण सगळे जाणतो. लग्नाला येता का विचारल्यावर कुणी “प्रयत्न करतो” म्हटलं, की आपण त्याचं ताट मांडत नाही. अध्यक्ष नकार देत नव्हते. खरोखर खटपट करायचं वचन देत होते, फक्त फळाची हमी देत नव्हते. ‘सोय करू’ हे जास्त आणि ‘प्रयत्न करू’ हे कमी. दोन्हींच्या मध्ये बसणारी जागा हवी होती. शिवाय लगाम पुढे हवा होता. बऱ्याच वाक्यांनंतर हे ठरलं: “आणि आमचा प्रयत्न असा राहील, की पंचवीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येकाच्या येण्याजाण्याची सोय व्हावी.” ‘करू’च्या जागी ‘व्हावी’. ‘व्हावी’ म्हटलं की इच्छा आणि धडपड दोन्ही येतात, आणि हातात पडल्याचा भास होत नाही. आणि ‘प्रयत्न राहील’ या सभेतल्या बोलीत ‘प्रयत्न करतो’मधला सौम्य नकार नाही.

तालमीच्या दिवशी संचालकांनी भाषण वाचायला घेतलं. माणूस मनाचा उमदा होता आणि कामगारांशी रोज बोलणारा. पहिल्या दोन वाक्यांवर त्यांनी प्रतीत नसलेलं एक अक्षर घातलं. “करार पाळूच. पगार देऊच.” मी थांबवलं. ते म्हणाले, “अहो, नुसतं ‘देऊ’ म्हटलं की आमच्या माणसांना ‘बघू’ ऐकू येतं. मागितलेली रजा असो नाहीतर नवीन पंखा, आम्ही ‘देऊ, देऊ’ म्हणतो ना, तसंच.”

त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. बोलताना आपलं ‘देऊ’ ढिलं असतं. मूळ ‘विल’ तर घट्ट होतं, म्हणजे मी तिथे वचन सैल केलं होतं. पण ‘च’ घालून भागत नव्हतं. एक तर ‘च’ सगळीकडे पसरतो. एकदा त्याची चटक लागली की तिसऱ्या वाक्यातही तो जाऊन बसणार. दुसरं म्हणजे तो भलत्या शब्दाला चिकटला तर अर्थच बदलतो. ‘पंचवीस किलोमीटरच्या आतल्यांनाच’ म्हटलं की बाहेरच्यांना दार बंद झालं, आणि मूळ भाषण त्यांच्याविषयी काहीच बोललेलं नव्हतं. आम्ही ‘ऊ’ काढून ‘णार’ आणला. “प्रत्येक कायम कामगाराचा करार पाळणार. प्रशिक्षणाच्या प्रत्येक दिवसाचा पगार देणार.” त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं आणि मान हलवली.

तिसऱ्या वाक्याशी मात्र ते घुटमळले. “इथे सूर पडतोय बघा. दोन पायऱ्या चढलो आणि तिसरीवर पाय खाली. टाळ्या यायच्या त्या अर्ध्यात राहतील. ‘सोय करणार’ म्हणू या ना सरळ.”

मी त्यांना यादी दाखवली. त्यांनी ‘ठामपणा’चा रकाना वरून खाली वाचला आणि मग अध्यक्षांच्या कचेरीला फोन लावला. सोय नक्की करायची असेल तर वाक्य बदलू, असं त्यांनी विचारलं. तिकडून उत्तर आलं, की वाहनांची बोलणी पूर्ण झालेली नाहीत, आहे तेच राहू द्या. त्यांनी फोन ठेवला आणि काही न बोलता प्रतीवर दुसऱ्या वाक्यापुढे दोन उभ्या रेघा मारल्या. माझ्या प्रतींत एक रेघ म्हणजे श्वास आणि दोन म्हणजे थांबा. तिथे थांबून, आवाज खाली आणून, नव्या सुरात तिसरं वाक्य घ्यायचं असं ठरलं. ठेका मोडायचाच होता, तर तो ऐकू येईल असा मोडायचा.

सभेच्या दिवशी मी मागच्या रांगेत बसले होते. “पगार देणार”वर टाळ्या झाल्या. संचालक थांबले. टाळ्या पूर्ण विरेपर्यंत थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, “आणि आमचा प्रयत्न असा राहील, की…” आणि वाक्य पूर्ण केलं. टाळ्या आल्या नाहीत.

माझ्या पुढच्या रांगेत एक वयस्क कामगार होते, कानावर हात धरून ऐकत होते. शेजारच्या तरुण मुलानं त्यांना विचारलं, “काका, गाडीचं काय म्हणाले?”

“खटपट करणारेत म्हणे,” ते म्हणाले. “पण अजून नक्की नाही. तू तुझं बघून ठेव.”